टेप, दोरी आणि पायथागोरस: शाळेच्या मैदानावर ट्रॅक, फुटबॉल आणि कबड्डीचं मैदान अचूक कसं आखायचं?

मैदान आखायचं म्हटलं की आपला हात आधी खिशातल्या फोनकडे जातो. मोजमाप करणारी डझनभर अॅप्स आहेत, मग टेप कशाला? कारण सरळ आहे. फोनचा जीपीएस उघड्या आकाशाखालीसुद्धा तुमची जागा साधारण ५ मीटरच्या वर्तुळात सांगतो. शेताचं क्षेत्रफळ ढोबळ काढायला तेवढं पुरतं. पण धावण्याच्या ट्रॅकची एक लेन असते १.२२ मीटर रुंद. म्हणजे जीपीएसची चूक चार लेन गिळून टाकते. कॅमेऱ्यातून मोजणारी अॅप्स टेबल-खुर्चीसाठी ठीक आहेत, पण पन्नास मीटर चालत गेलात की त्यांचीही चूक साचत जाते. टेप, दोरी आणि दहावीची भूमिती मात्र हेच काम काही सेंटीमीटरच्या आत करून देतात. फोनचा उपयोग इथे एकच, कॅल्क्युलेटर म्हणून.

या लेखात आपण एकच उदाहरण शेवटपर्यंत सोडवू. नाशिक तालुक्यातल्या एका शाळेचं मातीचं मैदान, १०० मीटर लांब आणि ६० मीटर रुंद. शाळेतले पीटीचे सर, मी आणि नववीतली सहा मुलं, एवढ्यांनी मिळून ते आखलं. त्यात बसवायच्या होत्या तीन गोष्टी: २०० मीटरचा चार लेनचा ट्रॅक, ट्रॅकच्या आत फुटबॉलचं छोटं मैदान आणि बाजूला कबड्डीचं मैदान.

आधी एक प्रश्न मिटवून टाकू. ४०० मीटरचा ट्रॅक का नाही? आठ लेनचा प्रमाण ट्रॅक सुमारे १७७ मीटर लांब आणि ९३ मीटर रुंद जागा खातो. एवढी जागा बहुतेक शाळांकडे नसते. त्यामुळे २०० मीटरचाच ट्रॅक आखायचा, पण तो खरोखर २०० मीटरचा असला पाहिजे. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवलं. ही शर्यत म्हणजे ४०० मीटरच्या ट्रॅकवर २५ फेऱ्या. समजा सरावाचा ट्रॅक फेरीला एकच मीटर कमी असेल, तर शर्यतीत २५ मीटर कमी धावणं होतं आणि घड्याळात दिसणारी वेळ खोटी ठरते. मुलगा किंवा मुलगी जिल्ह्याच्या निवड चाचणीला गेली की मगच ते कळतं. म्हणूनच अधिकृत ४०० मीटर ट्रॅकचा नियम कडक आहे: लांबी एक सेंटीमीटरनेही कमी चालत नाही, जास्त असली तर फक्त ४ सेंटीमीटरपर्यंत.

## सामान

५० मीटरची एक आणि ३० मीटरची एक फायबर टेप, गवंडी वापरतात ती दोरी, पंधरा-वीस लाकडी खुंट्या, दोन लोखंडी सळया, हातोडा, खिळ्यांची पुडी आणि फक्की.

दोरीबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. दोरीने रेष आखायची, अंतर मोजायचं नाही. नायलॉनची दोरी ताणली की लांब होते आणि सुतळी सकाळच्या दवात भिजली की तिची लांबी बदलते. अंतर नेहमी टेपने मोजायचं, आणि टेप ओढणारा माणूस शक्यतो एकच ठेवायचा, म्हणजे ताण सारखा राहतो.

फक्कीसाठी चुना घेऊ नका. चुना ओला झाला की कातडी आणि डोळे भाजतात. कबड्डीत तर खेळाडूचं तोंडच रेषेवर घासतं. खडूची किंवा संगमरवराची पावडर घ्या.

## एकच नियम: दोरी म्हणजे बाहेरची कड

फक्कीची रेष साधारण ५ सेंटीमीटर रुंद असते. मग मोजायचं कुठून? रेषेच्या मधून, आतल्या कडेपासून की बाहेरच्या? इथे प्रत्येक जण वेगळं धरतो आणि घोळ होतो.

सुदैवाने तिन्ही खेळांच्या हद्दीला एकच उत्तर चालतं. फुटबॉलमध्ये रेष ज्या भागाची हद्द असते, त्या भागातच मोजली जाते. कबड्डीतही रेषा मैदानाचाच भाग असतात. ट्रॅकवर लेनच्या १.२२ मीटरमध्ये तिची बाहेरची, म्हणजे उजव्या हाताची, रेष धरलेली असते. म्हणून दोरी नेहमी बाहेरच्या कडेवर बांधा आणि फक्की नेहमी दोरीच्या आतल्या बाजूला टाका. फक्की टाकणाऱ्या मुलाला एवढंच सांगितलं की पुरतं.

## ट्रॅकची आकडेमोड

ट्रॅक म्हणजे दोन सरळ बाजू आणि दोन अर्धवर्तुळं. आपण प्रत्येक सरळ बाजू ५० मीटर धरली. उरले १०० मीटर दोन वळणांत जायला हवेत. दोन अर्धवर्तुळं मिळून एक पूर्ण वर्तुळ होतं, म्हणून त्रिज्या = १०० ÷ (२ × ३.१४१६) = १५.९२ मीटर.

पण १५.९२ वर रेष मारायची नाही. धावणारा माणूस रेषेवरून धावत नाही, तिच्यापासून थोडा बाहेरून धावतो. त्यामुळे ट्रॅकची लांबी रेषेपासून थोडं बाहेर मोजतात. आतल्या कडेला उंच कठडा असेल तर ३० सेंटीमीटर बाहेर, आणि नुसती रेष असेल तर २० सेंटीमीटर बाहेर. आपल्या मातीच्या मैदानावर कठडा नाही, म्हणून २० सेंटीमीटर. म्हणजे आतल्या रेषेची त्रिज्या १५.९२ − ०.२० = १५.७२ मीटर.

हे २० सेंटीमीटर विसरले आणि रेषच १५.९२ वर मारली, तर धावण्याचं वर्तुळ २० सेंटीमीटरने मोठं होतं आणि फेरी सव्वा मीटरने लांबते. त्रिज्येतली कुठलीही चूक फेरीत सव्वासहा पटीने वाढते, कारण ती २π ने गुणली जाते. त्रिज्येत १ सेंटीमीटर चुकलं तर फेरीत ६ सेंटीमीटर. सरळ बाजूत १ सेंटीमीटर चुकलं तर मात्र १ सेंटीमीटरच. म्हणून सगळी काळजी त्रिज्येवर खर्च करायची.

चार लेनसाठी बाहेरची शेवटची रेष १५.७२ + ४ × १.२२ = २०.६० मीटर त्रिज्येची होते. पूर्ण ट्रॅक मग सुमारे ९१ मीटर लांब आणि ४१ मीटर रुंद. आपल्या मैदानात तो एका बाजूला सरकवून बसतो आणि दुसऱ्या बाजूला कबड्डीसाठी पट्टा उरतो.

## काटकोन: ३-४-५ पेक्षा मोठा त्रिकोण घ्या

गवंडी भिंत "गुण्यात" आहे का ते पाहायला ३-४-५ वापरतात: एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४ फूट, आणि तिरकं अंतर ५ फूट आलं की काटकोन. दोरीने काटकोन काढण्याची युक्ती आपल्याकडे फार जुनी आहे. बौधायनाच्या शुल्बसूत्रात आयताच्या कर्णाचा हा नियम सांगितलेला आहे, आणि शुल्ब म्हणजे दोरीच.

मैदानावर अडचण अशी की ३-४-५ मीटरचा त्रिकोण फार छोटा पडतो. त्याच्या तिरक्या बाजूत फक्त २ सेंटीमीटर चूक झाली, तरी ती रेष पुढे ५० मीटर नेल्यावर टोक सुमारे ४० सेंटीमीटर सरकतं. तीच चूक १५-२०-२५ च्या त्रिकोणात झाली तर टोक ८ सेंटीमीटरच सरकतं. त्रिकोण पाचपट मोठा, तर सरकणं पाचपट कमी.

मग आकडे गोलच का हवेत? आपल्या ट्रॅकमध्येच एक मोठा काटकोन त्रिकोण दडलेला आहे, तोच वापरू.

1. मैदानाच्या लांबीला समांतर अशी ५० मीटरची मधली दोरी बांधा. तिची दोन टोकं म्हणजे दोन वळणांचे केंद्रबिंदू. त्यांना क आणि ख म्हणू. दोन्ही ठिकाणी लोखंडी सळई ठोका.
2. बरोबर मधे, दोन्हीकडून २५ मीटरवर, खुंटी ठोका. हा म.
3. एक टेप क ला लावून १५.७२ मीटरवर धरा. दुसरी टेप म ला लावून २९.५३ मीटरवर धरा. दोन्ही टेप ताणून जिथे एकमेकींना भेटतील तिथे खुंटी ठोका.

२९.५३ कुठून आला? पायथागोरस:

```
25² + 15.72² = 625 + 247.1 = 872.1
√872.1 = 29.53
```

बाजू २५ आणि १५.७२ असताना तिरकं अंतर २९.५३ असेल तरच क जवळ काटकोन होतो. असेच चार बिंदू काढा: क च्या दोन्ही बाजूंना एकेक, ख च्या दोन्ही बाजूंना एकेक. सरळ बाजू इथे संपते आणि वळण इथे सुरू होतं.

आता तपासणी. मधल्या दोरीच्या एकाच बाजूच्या दोन बिंदूंमधलं अंतर ५०.०० आलं पाहिजे आणि समोरासमोरच्या दोन बिंदूंमधलं ३१.४४. ५० मीटरला २-३ सेंटीमीटर फरक आला तर चालेल. १० सेंटीमीटर आला तर फक्की उघडू नका. बहुतेक वेळा अशा वेळी मधली दोरी वाऱ्याने बाकदार झालेली असते आणि म रेषेवर नसतो. क जवळ एक मुलगा, ख जवळ एक मुलगा उभा करा. क वाल्याने एक डोळा मिटून ख कडे पाहावं. मधली काठी त्या दोघांच्या ओळीत दिसली पाहिजे.

## वळण: सळई, टेप आणि भरपूर खिळे

वळण काढायला टेपची कडी क च्या सळईत अडकवा आणि १५.७२ वर खिळा धरून अर्धवर्तुळ फिरा. दर मीटरला एक खिळा ठोका. सुमारे पन्नास खिळे होतील. मग त्यांच्याभोवती दोरी फिरवली की वळण दिसायला लागतं.

इथे दोन बारीक गोष्टी आहेत. पहिली, टेपचं शून्य नेमकं कुठे आहे ते बघा: काहींचं कडीच्या बाहेरच्या टोकाला असतं, काहींचं कडीनंतर. दुसरी, त्रिज्या सळईच्या मध्यापासून मोजायची आहे. सळई १२ मिलिमीटरची असेल आणि शून्य तिच्या बाहेरच्या पृष्ठभागाला टेकत असेल, तर ६ मिलिमीटर वजा करून धरावे लागतात. ते सोडले तर फेरीत जवळपास ४ सेंटीमीटर येतात. टेप जमिनीलगत धरा. सळईच्या वरच्या टोकाला टेप अडकवून ओढलं की सळई वाकते, आणि दर खेपेला थोडी वेगळी वाकते.

पुढच्या लेनच्या रेषा त्याच केंद्रातून काढा: १६.९४, १८.१६, १९.३८ आणि २०.६० मीटर. पहिल्या रेषेपासून १.२२, मग तिच्यापासून आणखी १.२२, असं सरकत जाऊ नका. तसं केलं की पहिल्या रेषेची प्रत्येक वेडीवाकडी जागा चौथ्या लेनपर्यंत पोचते. सरळ बाजूच्या रेषांसाठी क आणि ख पासून निघालेली काटकोनातली दोरी तशीच बाहेर लांबवा आणि तिच्यावर हेच आकडे मोजा.

आता खरी परीक्षा. आपण सरळ बाजू ५० मीटर ठेवली आणि वळणाची धावरेषाही ५० मीटरच येते. हे मुद्दाम केलं होतं. एक सायकल घ्या, चाकाला चिकटपट्टीची खूण करा आणि आतल्या रेषेपासून २० सेंटीमीटर बाहेरून सावकाश हाताने ढकलत न्या. चाकाचे जितके फेरे सरळ बाजूला होतात, तितकेच वळणावर झाले पाहिजेत. चाकाचा परीघ माहीत असण्याचीही गरज नाही. एखाद्या वळणाला पाव फेरा कमी-जास्त आला, तर त्या वळणाची त्रिज्या पुन्हा मोजा.

## स्टॅगर: पुस्तकातला तक्ता इथे चालत नाही

बाहेरच्या लेनमधलं वळण मोठं असतं, म्हणून त्या लेनच्या धावपटूला पुढे उभं करतात. या पुढे सरकवण्याला स्टॅगर म्हणतात. किती पुढे?

बाहेरची लेन १.२२ मीटरने मोठ्या त्रिज्येची आहे. म्हणून एका पूर्ण फेरीत तिचं अंतर २ × ३.१४१६ × १.२२ = ७.६७ मीटर जास्त. या सूत्रात ट्रॅकची त्रिज्या कुठेच नाही, हे नीट बघा. ट्रॅक २०० मीटरचा असो की ४०० चा, एका फेरीला एका लेनमागे ७.६७ मीटरच.

मग क्रीडाशिक्षकांच्या पुस्तकांत दुसऱ्या लेनला ७.०४ मीटर का लिहिलेलं असतं? कारण तो तक्ता कठडा असलेल्या ट्रॅकचा आहे. तिथे पहिली लेन ३० सेंटीमीटर बाहेरून मोजतात आणि बाकीच्या २० सेंटीमीटर बाहेरून, म्हणून पहिल्या आणि दुसऱ्या लेनमधला फरक थोडा कमी होतो. आपल्याकडे कठडा नाही, सगळ्या लेन २० सेंटीमीटर बाहेरून मोजल्या. हा तक्ता इथे वापरला तर पहिली लेन सोडून बाकी तिघींना ६३ सेंटीमीटर जास्त धावावं लागतं. ३० सेकंदांत २०० मीटर धावणाऱ्या मुलीसाठी ते जवळपास ०.०९ सेकंद झाले. अंतिम फेरीत कोण जाणार, हे तेवढ्यावर ठरू शकतं.

आणखी एक अडचण उरते. सुरुवातीच्या रेषा वळणावर येतात आणि वळणावर ७.६७ मीटर टेपने कसे मोजायचे? टेप वाकवत बसण्यापेक्षा सरळ तिरकं अंतर, म्हणजे वर्तुळाची जीवा मोजा. हा छोटा प्रोग्राम सगळे आकडे काढून देतो. फोनवरच्या कुठल्याही पायथन अॅपमध्ये चालेल:

```python
from math import pi, sin

L, S, W, n = 200, 50, 1.22, 4
r = (L - 2*S) / (2*pi)
for k in range(n):
    rk = r + k*W
    d = 2*pi*k*W
    c = 2*rk*sin(d/(2*rk))
    print(k+1, round(rk-0.20, 2), round(d, 2), round(c, 2))
```

`L` म्हणजे फेरी, `S` सरळ बाजू, `W` लेनची रुंदी, `n` लेनची संख्या. उत्तर असं येतं:

```
1 15.72 0.0 0.0
2 16.94 7.67 7.6
3 18.16 15.33 14.89
4 19.38 23.0 21.7
```

पहिला आकडा लेनचा, दुसरा तिच्या आतल्या रेषेची त्रिज्या, तिसरा स्टॅगर आणि चौथा जीवा. शर्यत जिथे संपते तिथूनच पहिलं वळण सुरू होतं, म्हणून मोजणी वळणाच्या सुरुवातीच्या काटकोनी दोरीपासून करायची. दुसऱ्या लेनसाठी तिच्या आतल्या रेषेपासून २० सेंटीमीटर बाहेर एक खिळा ठोका. तिथून ७.६० मीटर सरळ टेप धरा आणि तिचं दुसरं टोकही आतल्या रेषेपासून २० सेंटीमीटरवर येईल असं फिरवा. तिथे दुसरा खिळा. आता क च्या सळईपासून या खिळ्यावरून दोरी ताणा. त्या दोरीवर, फक्त त्या लेनपुरती, सुरुवातीची रेष येते. ती दोरी केंद्रातून आलेली असल्यामुळे रेष लेनला आपोआप काटकोनात बसते.

सुरुवातीच्या रेषेची जाडीसुद्धा शर्यतीत धरतात. म्हणून तिची मागची कड, म्हणजे धावपटूच्या बाजूची कड, दोरीवर ठेवा आणि फक्की दोरीच्या पुढे टाका.

हा आकडा एका फेरीसाठी, म्हणजे २०० मीटरसाठी आहे. लेन न सोडता ४०० मीटर धावायचे तर फेऱ्या दोन, म्हणून स्टॅगर दुप्पट. सरळ १०० मीटर मात्र या मैदानात बसत नाही. मागे ३ मीटर आणि पुढे थांबायला १७ मीटर जागा लागते, म्हणजे एकूण १२०. ती शर्यत वळणासह धावली की तिची वेळ सरळ १०० मीटरच्या वेळेशी जुळवू नका.

## आतलं फुटबॉल मैदान

आता मेहनत कमी, कारण काटकोन आधीच काढलेले आहेत. मधली दोरी हीच फुटबॉल मैदानाचा कणा आणि म हाच मध्यबिंदू.

आपण मैदान ५६ × २८ मीटर घेतलं. २८ चा अर्धा १४, आणि ट्रॅकची आतली रेष मधल्या दोरीपासून १५.७२ वर. म्हणून फुटबॉलची बाजूची रेष ट्रॅकच्या रेषेपासून १.७२ मीटर आत. चारही बिंदूंपासून १.७२ आत मोजा, दोरी बांधा आणि दोन्ही टोकांना ३ मीटर पुढे न्या. झाले चार कोपरे. तपासायला म पासून प्रत्येक कोपरा ३१.३० मीटरवर आला पाहिजे.

कोपरे वळणात घुसत नाहीत ना, हेही आधीच पाहून घ्या. वळणाच्या केंद्रापासून कोपरा ३ मीटर पुढे आणि १४ मीटर बाजूला आहे, म्हणजे १४.३२ मीटर दूर. वळणाची रेष १५.७२ वर. मधे १.४० मीटर मोकळे. मोठ्या स्टेडियममध्येही हेच गणित चालतं: ४०० मीटरच्या ट्रॅकमध्ये १०५ × ६८ चं फुटबॉल मैदान बसतं, पण कोपऱ्यांना ट्रॅकपासून जेमतेम एक मीटर उरतो.

आतल्या खुणा मात्र जशाच्या तशा उचलता येत नाहीत. पूर्ण मैदानात गोलपोस्टच्या आतल्या कडेपासून दोन्हीकडे १६.५ मीटर मोजून पेनल्टी बॉक्स आखतात. त्याची रुंदी होते ४०.३२ मीटर, आणि आपलं अख्खं मैदान २८ चं आहे. म्हणून आम्ही जवळपास सगळं अर्ध्यावर आणलं: गोल ५ मीटर, बॉक्स पोस्टपासून ८ मीटर आणि खोलीही ८ मीटर, पेनल्टीची खूण ६ मीटरवर, मधलं वर्तुळ ४.५ मीटर त्रिज्येचं.

बॉक्सबाहेरचा तो अर्धचंद्र अंदाजाने काढू नका. पेनल्टी घेताना बाकीचे खेळाडू खुणेपासून ठरावीक अंतर लांब राहावेत, एवढंच त्याचं काम आहे. पूर्ण मैदानात हे अंतर ९.१५ मीटर, म्हणजे मधल्या वर्तुळाच्या त्रिज्येइतकंच. म्हणून इथेही ४.५ घ्या. पेनल्टीच्या खुणेवर खिळा ठोका, टेप फिरवा आणि बॉक्सच्या बाहेर पडेल तेवढाच भाग आखा. चंद्राची दोन टोकं बॉक्सच्या रेषेवर, मधल्या दोरीपासून ४.०३ मीटरवर आली तर खिळा बरोबर जागी आहे.

## कबड्डी: बाजू बरोबर, तरी मैदान चूक

पुरुषांचं मैदान १३ × १० मीटर. महिलांचं १२ × ८. इथे अंतरं छोटी, म्हणून लोक काटकोन तपासत नाहीत आणि तिथेच फसतात.

समजा चारही बाजू अगदी बरोबर मोजल्या: १३, १०, १३, १०. तरी मैदान तिरकं असू शकतं, जसं काड्यापेटीचं बाहेरचं खोकं बाजूने दाबल्यावर कलतं. कोन फक्त २ अंशांनी चुकला, तर एक टोक ३५ सेंटीमीटर पुढे सरकतं. डोळ्याला हे दिसत नाही. टेपला लगेच दिसतं: दोन्ही कर्ण १६.४० यायला हवेत, त्याऐवजी एक १६.६८ आणि दुसरा १६.१२ येतो.

म्हणून कर्णापासूनच सुरुवात करा. १३ मीटरची पहिली बाजू आखा. एका टोकापासून १० मीटर आणि दुसऱ्या टोकापासून १६.४० मीटर अशा दोन टेप जिथे भेटतील तो तिसरा कोपरा. चौथा तसाच उलट बाजूने. शेवटी तिसऱ्या-चौथ्या कोपऱ्यातलं अंतर १३.०० आलं की मैदान गुण्यात आहे. १२ × ८ साठी कर्ण १४.४२ घ्या.

आता आतल्या रेषा. मध्यरेषा ६.५० मीटरवर. तिच्यापासून दोन्हीकडे ३.७५ मीटरवर निदानरेषा आणि त्यापुढे १ मीटरवर बोनस रेषा. १२ × ८ च्या मैदानात निदानरेषा मध्यरेषेपासून ३ मीटरवर, बोनस पुन्हा १ मीटर पुढे. दोन्ही बाजूंना १ मीटरची लॉबी. प्रत्येक अंतर मैदानाच्या दोन्ही कडांवर, मध्यरेषेपासूनच मोजा आणि मग दोरी ताणा. एका कडेला ३.७५ आणि दुसऱ्या कडेला ३.६५ झालं, तर एकाच चढाईपटूला डावीकडून निदानरेषा सोपी आणि उजवीकडून अवघड होते. बोनसच्या गुणावरून वाद झाला की पंच फक्कीकडेच बघतात.

## फक्की टाकण्याआधी

खुंट्या आणि दोऱ्या जागच्या जागी असतानाच हे सहा आकडे एका वहीत लिहा आणि समोर प्रत्यक्ष आलेलं माप लिहा:

- म पासून वळणाच्या चार टोकांपर्यंत: २९.५३
- सरळ बाजू: ५०.००
- आतल्या रेषेची त्रिज्या, वळणाच्या सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी: १५.७२
- दुसऱ्या लेनची जीवा: ७.६०
- म पासून फुटबॉलचे कोपरे: ३१.३०
- कबड्डीचे कर्ण: १६.४०

क, ख आणि म च्या जागी काम संपल्यावर सळईचे तुकडे जमिनीच्या दोन-तीन इंच खाली ठोकून ठेवा, म्हणजे कोणाला ठेच लागणार नाही. मैदानाच्या दोन पक्क्या गोष्टींपासून, उदाहरणार्थ ध्वजस्तंभ आणि कुंपणाचा खांब, प्रत्येकाचं अंतर मोजून वहीत लिहा. पावसाळ्यात फक्की वाहून जाते, काळी माती फुगते, खुंट्या हलतात. पण दोन पक्क्या जागांपासूनची दोन अंतरं असली, की पुढच्या वर्षी दोन टेप घेऊन ते तीन बिंदू पुन्हा सापडतात, आणि बाकी सगळं त्या तीन बिंदूंतून निघतं.